भाषण उतरवून काढलं की लेख होत नाही

"भाषण आणि लेख यांत फरक नसतो. १) जसं बोलता तसंच लिहा. २) आधी काय सांगणार ते सांगा, मग सांगा, मग काय सांगितलं ते सांगा. ३) महत्त्वाचं वाक्य तीनदा आलंच पाहिजे."

हा फॉरवर्ड वाचून माझ्या भाचीने विहिरींवरचं तिचं भाषण जसंच्या तसं टाइप केलं आणि एका दिवाळी अंकाला पाठवलं. साभार परत आलं. भाषणाला टाळ्या पडल्या होत्या, त्यामुळे पोरीला कारणच कळेना.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण खरी वाट त्यानेच लावली. बोललेलं वाक्य उच्चारताच संपतं. मागे कुणी खुर्ची सरकवली आणि तेवढ्यात ते निसटलं, तर वक्त्याने पुन्हा म्हटल्याशिवाय श्रोत्याला मिळत नाही. मौखिक परंपरेचे अभ्यासक वॉल्टर ऑंग यांनी १९८२च्या ग्रंथात हेच मांडलंय: ऐकताना मागे वळून बघायला मनाबाहेर काहीच नसतं, म्हणून पुनरुक्ती बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एका धाग्यावर ठेवते. कागदावर मात्र नजर दोन ओळी वर नेली की झालं.

शिवाय बोलताना तेच वाक्य दुसऱ्यांदा तसंच येत नाही. "विहीर आटली नाही, आपण उपसली" हे भाची आधी सरळ बोलली. मग जरा थांबून, 'आपण'वर जोर देऊन. छापताना तो जोर गळाला. उरली दोन सारखी वाक्यं. वाचक दुसऱ्यात काही नवं शोधतो, ते सापडत नाही, आणि आपल्याला एकदा सांगून कळत नाही असं लेखकाला वाटतं की काय, म्हणून तो वैतागतो.

अभंग गाताना धृपद चरणागणिक येतं. छापील गाथेत ते एकदाच असतं, शेजारी ॥ध्रु॥ एवढी खूण.

दुसरा मुद्दा सभेपुरता ठीक. "पाऊस पाहिला, आता विहिरींकडे वळू" हे तिथे म्हणावंच लागतं, कारण ऐकणाऱ्याला परिच्छेद दिसत नाही. लेखातून आम्ही ते काढलं आणि नवा परिच्छेद असा सुरू केला: "पाऊस नेहमीइतका पडला, तरी विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या." वळण 'तरी'ने दाखवलं.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. मोठ्याने वाचलं की अडखळणारं वाक्य लगेच सापडतं. पण तिसरा मुद्दा चुकला म्हणून पुनरुक्ती दिसेल तिथे कात्री चालवायची असंही नाही. 'विहीर' आणि 'मोटर' दोन्हींच्या जागी 'ती' घातली, तर बंद कोण पडली ते कळत नाही; तिथे नाव पुन्हा लिहावं. आणि जाड पाठ्यपुस्तक माणूस मधूनच उघडतो, तिथे प्रकरणाच्या सुरुवातीला पुढे काय येणार ते सांगितलेलं बरं.