पक्याची आयएमपी लिस्ट आणि माझे सहा आठवडे

एमबीबीएसच्या फायनल पार्ट वनच्या पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पेपरला सहा आठवडे उरले तेव्हा मी टाइमटेबल केलं. पहिला आठवडा मीन-मीडियन-एसडी, दुसरा सॅम्पलिंग आणि सिग्निफिकन्स टेस्ट, तिसरा स्टडी डिझाइन्स, चौथा स्क्रीनिंग, पाचवा साथीचा तपास, सहावा नुसती रिव्हिजन. चार रंगांचे हायलायटर, भिंतीवर चिकटवलेला तक्ता, सगळं झालं आणि त्यातच पहिला आठवडा संपला. दुसऱ्यात ताप आला. तिसऱ्यात जॉन स्नो वाचला, १८५४ साली लंडनमधला कॉलरा एका पंपाच्या पाण्यातून पसरतोय हे शोधणारा डॉक्टर, आणि कळलं की पंपाचं हँडल काढलं तोवर साथ आधीच उतरायला लागली होती, म्हणजे उशिरा जागं होणाऱ्यांची परंपरा जुनी आहे हे वाचून इतकं बरं वाटलं की पुस्तक मिटून झोपलो.

चौथ्या आठवड्यात प्रिलिम झाली आणि रूममेट पक्या उड्या मारत आला. त्याने बायोस्टॅट आणि एपिडेमिऑलॉजी या दोन युनिटच्या ४० टॉपिकपैकी २७ वर 'आयएमपी' असा लाल शिक्का मारला होता आणि पेपरात आलेल्या १० पैकी ९ त्याच्या लिस्टमधले निघाले. "अरे, दहातले नऊ! तू बाकीचं कशाला वाचत बसतोस?"

मी म्हटलं थांब, स्क्रीनिंगचा आठवडा चालूच आहे तर तुझ्यावरच गणित करतो. पक्याची लिस्ट म्हणजे टेस्ट, पेपरात येणं म्हणजे आजार. चार खणांची चौकट काढली, वर a आणि b, खाली c आणि d, खऱ्या आजाऱ्यांतले टेस्टने किती पकडले ते सांगणाऱ्या सेन्सिटिव्हिटीचा पाठ केलेला फॉर्म्युला a/(a+c) लावला, उत्तर ३३ टक्के. मी जाहीर केलं की तुझी सेन्सिटिव्हिटी भिकार आहे. तो भडकला, आणि त्याचं बरोबर होतं. दहातले नऊ सापडले तर ९० टक्केच यायला पाहिजेत ना, साधी गोष्ट आहे.

अर्धा तास आणि मेसचा एक गार चहा गेल्यावर कळलं की मी चौकटच आडवी पाडली होती. आजार वर, म्हणजे उभ्या रकान्यांत लिहायचा आणि टेस्ट डावीकडे, तरच तो फॉर्म्युला चालतो. मी टेस्ट वर लिहिली होती, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी म्हणून जे काढलं ते खरं तर पीपीव्ही होतं, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी किती ते. परीक्षेत हेच होतं, आकडे बरोबर, भागाकार बरोबर, आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. तेव्हापासून मी a, b, c, d चं नावच घेत नाही. सेन्सिटिव्हिटी विचारली की खालचा आकडा फक्त खऱ्या आजाऱ्यांचा, पीपीव्ही विचारली की खालचा आकडा फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांचा, मग चौकट उलटी असो नाहीतर तिरकी.

सुलट चौकट अशी निघाली. आलेले १०, त्यातले ९ पकडले, सेन्सिटिव्हिटी ९०. न आलेले ३०, त्यातले १८ त्याने उगाच रंगवले आणि १२ बरोबर सोडले, स्पेसिफिसिटी ४०. पीपीव्ही २७ पैकी ९, म्हणजे लाल शिक्क्याचे तीन टॉपिक वाचले तर एक कामाचा. पक्या म्हणाला, तीनात एक काय वाईट आहे?

तर पुढचं ऐक म्हटलं. युनिव्हर्सिटीच्या पेपरात यातले ४ च येतील असं धर. लिस्ट काढायची तुझी पद्धत तीच, सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी तीच, पण आता त्या चारातले साडेतीनेक पकडले जाणार आणि न आलेल्या ३६ पैकी साडेएकवीस उगाच रंगणार, म्हणजे पीपीव्ही ३३ वरून घसरून १४ वर, सातात एक! लिस्ट बिघडली नाही, आजारच दुर्मिळ झाला. दुर्मिळ आजारासाठी गावभर टेस्ट करत सुटलं की पॉझिटिव्ह आलेल्यांत बहुतेक धडधाकटच का निघतात हे मला पुस्तकाने तीन वेळा सांगूनही कळलं नव्हतं, ते पक्याच्या लाल पेनाने कळलं. पक्या मात्र "तू माझा अपमान टक्क्यांत करतोस" म्हणून दोन दिवस बोलला नाही.

पाचवा आणि सहावा आठवडा कसा गेला ते विचारू नका, साथीच्या तपासाच्या पायऱ्या जेवताना पाठ केल्या.

पेपर झाल्यावर आईचा फोन. "कसा गेला रे?"

"बरा गेला."

"ते तू दहावीपासून प्रत्येक पेपरला म्हणतोस. गणितात नापास झालास तेव्हाही बराच गेला होता."

मी मनात चौकट मांडली. चांगले गेलेले सगळे पकडले, सेन्सिटिव्हिटी १००. वाईट गेलेल्यांतला एकही सोडला नाही, स्पेसिफिसिटी शून्य.

"निकाल लागला की बघू," म्हणाली आणि फोन ठेवला.