सी मेजरची बोटे प्रत्येक स्केलला चालत नाहीत

«पियानो शिकणाऱ्यांनो, वेळ वाया घालवू नका! १) एकच फिंगरिंग पाठ करा : १-२-३-१-२-३-४-५. बाराही मेजर स्केल याच बोटांनी वाजतात. २) पहिले वर्षभर फक्त सी मेजर करा, तीच सर्वांत सोपी आहे. काळ्या पट्ट्यांना हातही लावू नका. ३) अंगठा खालून नेताना मनगट दगडासारखे स्थिर हवे. हाताच्या पाठीवर नाणे ठेवा, ते पडता कामा नये. हात दुखणारच, दुखला म्हणजे बोटे तयार होत आहेत. ४) वेगळी पट्टी हवी असेल तर कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण आहेच.»

हा संदेश आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाचीने तो शिरसावंद्य मानला. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती हाताच्या पाठीवर पाच रुपयांचे नाणे ठेवून सी मेजर वाजवत होती. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ येत असूनही तिने कोणाला काही सांगितले नव्हते, कारण दुखायलाच हवे असे तिने वाचले होते. मी पियानो शिकवतो. चुकीच्या फिंगरिंगने फार तर स्केल अडखळते, पण या सल्ल्याने हात बिघडतो, म्हणून आधी तिसऱ्या मुद्द्याकडे वळतो.

टेबलावर उजवा हात पियानोवर ठेवतो तसा ठेवा, मनगट घट्ट धरा आणि अंगठा तळव्याखालून करंगळीच्या दिशेने जाईल तितका न्या. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला ताण जाणवेल. आता मनगट सैल सोडा आणि अंगठा आत वळत असतानाच कोपरापासूनचा सगळा हात इंचभर उजवीकडे सरकवा. अंगठ्याला आता तितके आत जावेच लागत नाही, कारण उरलेले अंतर हात कापतो. स्केल वाजवताना नेमके हेच घडायला हवे. बोटे अंगठ्यापासून मोजतात, अंगठा पहिले आणि करंगळी पाचवे. सी मेजरमध्ये दुसरे बोट डी वाजवत असतानाच अंगठा सी सोडून आत वळू लागतो, तिसरे बोट ई वाजवते तोवर तो एफच्या जवळ पोहोचलेला असतो, आणि या सगळ्या वेळात हात न थांबता उजवीकडे सरकत असतो. कोपर शरीरापासून किंचित दूर जाते, पण वर उचलले जात नाही. मनगटाची उंची तीच राहते. ते फक्त आडवे सरकते. उतरताना याच्या उलट घडते : अंगठा पट्टीवर टेकलेला राहतो आणि तिसरे किंवा चौथे बोट त्याच्यावरून पलीकडे जाते.

नाण्याच्या जुन्या युक्तीत एक गोष्ट खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. अंगठा वळताना हात वर-खाली उसळत असेल तर नाणे पडते, आणि तो उसळू नये हे योग्यच आहे. मात्र नाणे सांभाळणारे मूल उसळणे तेवढे थांबवत नाही. ते मनगट आवळून धरते, आडवे सरकणेही बंद करते आणि सगळा भार अंगठ्याच्या मुळावर टाकते. चौथ्या बोटानंतर, म्हणजे सी मेजर पुढच्या सप्तकात नेण्यासाठी बी वाजवून वरच्या सीवर जाताना, अंगठ्याला तिसऱ्या बोटानंतरपेक्षा जास्त अंतर जावे लागते, त्यामुळे तिथे हा ताण सर्वाधिक असतो. दुखू लागले की थांबावे. थांबूनही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

अंगठा नीट जातो आहे की नाही हे ओळखायला नाणे नको, कान हवा. दोन सप्तकांची स्केल हळू वाजवून फोनवर रेकॉर्ड करा आणि पट्ट्यांकडे न पाहता ऐका. कोणता सूर अंगठ्याने वाजला हे ओळखू येत असेल, म्हणजे एफ आणि सी इतरांपेक्षा जोरात आदळत असतील किंवा त्यांच्या आधी बारीकशी फट पडत असेल, तर अंगठा उशिरा निघतो आहे आणि हात त्याच्यासोबत सरकत नाही. मग पूर्ण स्केल बाजूला ठेवून फक्त ई-एफ ही तिसऱ्या बोटाची आणि अंगठ्याची जोडी, आणि नंतर बी-सी ही चौथ्या बोटाची आणि अंगठ्याची जोडी, हलक्या आवाजात पुन:पुन्हा वाजवावी.

आता पहिला मुद्दा. यात अर्धे सत्य आहे, आणि त्यामुळेच तो लोकांना पटतो. उजव्या हाताची ती बोटे सी, जी, डी, ए, ई आणि बी या सहा मेजर स्केलना खरोखर लागू पडतात. सातवी स्केल घेतली की गाडी अडते. एफ मेजरमध्ये एफ, जी, ए या तीन सुरांनंतर बी फ्लॅट येतो. पेटीच्या भाषेत ती काळी पाच. संदेशाप्रमाणे तिथे अंगठा पडतो. अंगठा सर्वांत आखूड आहे आणि काळ्या पट्ट्या मागे असतात, त्यामुळे त्याला तिथे न्यायचे तर सगळा हात आत ढकलावा लागतो. मग पुढचे बोट काळ्या पट्ट्यांमधल्या चिंचोळ्या पांढऱ्या जागेत उतरते, जिथे पट्टी दाबायला जडही लागते. म्हणून एफ मेजर उजव्या हाताने १-२-३-४-१-२-३-४ अशी वाजवतात : काळी पाच चौथ्या बोटाला देऊन अंगठा पुढच्या सीवर येतो.

काळ्या पाचपासून, म्हणजे बी फ्लॅट मेजर, वाजवली तर संदेशाचा फोलपणा आणखी स्पष्ट होतो. त्याचे ऐकले तर अंगठा आधी काळ्या पाचवर आणि मग ई फ्लॅटवर, म्हणजे काळ्या दोनवर, पडेल. या स्केलमध्ये काळ्या पट्ट्या दोनच आहेत आणि दोन्हींवर अंगठाच. प्रत्यक्षात काळी पाच चौथ्या बोटाने घेऊन सुरुवात करायची (पहिल्या सुराला दुसरे बोटही चालते). मग सीवर अंगठा, डीवर दुसरे, काळ्या दोनवर तिसरे, एफवर पुन्हा अंगठा, जीवर दुसरे, एवर तिसरे आणि वरच्या काळ्या पाचवर चौथे.

यामागचे तर्कशास्त्र एकदा कळले की पाठांतर फार उरत नाही. स्केलमध्ये सूर सात आणि बोटे पाच, म्हणून बोटांचे दोन गट पडतात, एक तिघांचा आणि एक चौघांचा. चौथे बोट एका सप्तकात एकदाच येते. ते कुठे पडते हे कळले की बाकीची बोटे आपोआप ठरतात. आणि ते कुठे पडावे हे काळ्या पट्ट्या ठरवतात. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. लांब बोटांनी हे गट घ्यायचे आणि अंगठ्याने त्यांच्या लगतची पांढरी जागा. एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि डी फ्लॅट या पाचही मेजर स्केलमध्ये उजव्या हाताचे चौथे बोट काळ्या पाचवर येते आणि अंगठा सी आणि एफवर. सहा आधीच्या, पाच या. उरली ती काळ्या तीनची एफ शार्प मेजर. तिच्यात तीनच्या गटावर २-३-४, बीवर अंगठा, दोनच्या गटावर २-३, आणि पांढऱ्या चारवर, म्हणजे एफच्या पट्टीवर, पुन्हा अंगठा. बारा पूर्ण झाल्या. डाव्या हाताचा हिशेब वेगळा आहे : सीची ५-४-३-२-१-३-२-१ ही बोटे तिथेही सहाच स्केलना चालतात, मात्र त्यांत एफ आहे आणि बी नाही.

अंगठा काळ्या पट्टीवर कधीच नको, असा अर्थ मात्र यातून काढू नये. एफ शार्प मेजरचे आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवणे, तिन्ही काळ्या पट्ट्यांवर असते, तिथे अंगठा काळ्या तीनवर ठेवण्यात काहीच गैर नाही, कारण तेव्हा सगळा हातच आत असतो.

दुसऱ्या मुद्द्याला मी फार काही सांगत बसत नाही, संगीतकार शोपाँ पुरेसा आहे. पॅरिसमध्ये आयुष्याची बरीच वर्षे पियानो शिकवणाऱ्या या माणसाने पियानोच्या शिक्षणपद्धतीवर लिहायला घेतलेली टिपणे अपूर्ण राहिली. त्यांत त्याने सी मेजर वाचायला सर्वांत सोपी पण हाताला सर्वांत अवघड म्हटली आहे, कारण तिच्यात हाताला टेकायला आधार नाही. तो हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पाच पट्ट्यांवर ठेवायला लावी, म्हणजे लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटे पांढऱ्यांवर येतात, आणि स्केलची सुरुवात बी मेजरपासून करी.

बी मेजर, म्हणजे पांढरी सात, आजही नवशिक्याच्या हाताला लगेच कळते. पांढऱ्या सातवर अंगठा ठेवा. काळी एक आणि दोन या दोन्ही पट्ट्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांनी एकदम दाबा. पांढऱ्या तीनवर अंगठा आणा. काळी तीन, चार, पाच दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या बोटांनी एकदम दाबा आणि वरच्या पांढऱ्या सातवर पुन्हा अंगठा. सूर सुटे करण्याआधी असे गट दाबत वर-खाली गेल्याने अंगठ्याला कुठे जायचे हे हाताला समजते. डावा हात चौथ्या बोटाने सुरू करून ४-३-२-१-४-३-२-१ असा जातो, आणि त्याचाही अंगठा पांढऱ्या तीनवर व वरच्या सातवरच पडतो, म्हणजे दोन्ही अंगठे एकाच वेळी वळतात. सी मेजरमध्ये चढताना उजवा अंगठा एफवर तर डावा जीवर येतो, आणि दोन्ही हात एकत्र आले की नवशिका तिथेच कोलमडतो. बी मेजरमध्ये पाच शार्प आहेत, म्हणून ती नोटेशनवरून न शिकवता पट्ट्यांच्या जागा दाखवून शिकवावी. परीक्षांसाठी सी, जी, एफ करावीच लागते, ती अवश्य करावी. फक्त एफला चौथे बोट विसरू नये.

आणि ट्रान्सपोजचे बटण? ते साध्या पियानोला नसते. घरात कोणी काळ्या चारात गाणारे असेल आणि समोर खरा पियानो असेल, तर ए फ्लॅट मेजर हातानेच वाजवावी लागेल : काळी चार आणि पाच यांवर तिसरे-चौथे बोट, पांढऱ्या एकवर अंगठा, काळी एक आणि दोन यांवर दुसरे-तिसरे, पांढऱ्या चारवर अंगठा, पांढऱ्या पाचवर दुसरे आणि वरच्या काळ्या चारवर तिसरे.