‘दाराशी ठेवा’ लिहूनही पार्सल परत का गेलं?

“दादा, पार्सल परत जाण्यावरचा तुमचा लेख एकतर्फी वाटला. मी अंबाजोगाईत शिक्षिका आहे, साडेपाचला घरी येते. मोबाइल मागवला, पैसे आधीच भरले, संध्याकाळची वेळ निवडली, ‘दाराशी ठेवा’ असंही टाकलं. तरी माणूस रोज दुपारीच आला आणि शेवटी पार्सल परत गेलं. मग हे पर्याय देतात कशाला? आणि वर तुम्ही म्हणता, गिऱ्हाइकानं काळजी घ्यावी!”

ताई, तुमचा राग रास्त आहे. पार्सल वाटपाच्या केंद्रावर मी काम केलंय, म्हणून तिथं काय घडतं ते सांगतो.

तुमचं पार्सल अडलं ते ओटीपीमुळे. मोबाइलसारख्या महाग वस्तूला बहुतेक वेळा ओटीपी लागतो आणि तो टाकल्याशिवाय डिलिव्हरीवाल्याच्या अ‍ॅपमध्ये काम पूर्णच होत नाही. ‘दाराशी ठेवा’ ही सूचना तुमच्या पत्त्याला जोडलेली असते, ओटीपीची अट त्या ऑर्डरला. दोन्ही समोरासमोर आले की अट जिंकते. त्या पोराला तुमची सूचना दिसली असती, तरी पार्सल ठेवून जाणं त्याच्या हातात नव्हतं. कॅश ऑन डिलिव्हरीचंही तेच, पैसे घेतल्याशिवाय तो वस्तू सोडू शकत नाही. ओटीपी लागणार का, हे ऑर्डरच्या पानावर किंवा ‘आज डिलिव्हरी’च्या मेसेजमध्ये कळतं. तो मेसेज सकाळीच वाचा, कारण त्या दिवशी काही बदलायला तेवढीच वेळ असते.

आता वेळेचं. किराणा किंवा फ्रिजसारख्या सामानाला मिळणारा स्लॉट बऱ्यापैकी खरा असतो, कारण त्या वेळेच्या गाडीत जागा मोजून ठेवलेली असते. कुरिअरच्या पार्सलचं तसं नाही. तालुक्याच्या गावी सकाळी मोठ्या शहरातून गाडी येते, पार्सलं भागानुसार लावली जातात आणि एकेक पोरगा आपला भाग घेऊन निघतो. योगेश्वरीच्या देवळाकडचा भाग ज्याच्याकडे आहे, तो तिथून ओळीनं पुढं जातो. एका घरासाठी संध्याकाळी परत फिरणं त्याला परवडत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी त्याला पार्सलमागे पैसे मिळतात. शिवाय विकणारी कंपनी लहान गावात बरेचदा दुसऱ्याच कुरिअरला माल देते. तिथं तुमची निवडलेली वेळ आणि सूचना पोचतीलच असं नाही. खात्रीनं पोचतं ते पाकिटावर छापलेलं, म्हणजे पत्ता.

म्हणून तुमच्या जागी मी पत्त्याच्या ओळीतच लिहिलं असतं: ‘मेडिकल कॉलेजजवळ, दिवसा घरी कोणी नाही, शेजारच्या किराणा दुकानात द्यावे’. महत्त्वाचं आधी लिहायचं, कारण लांब पत्ता छापताना शेवट तुटतो. दुकानदाराला सकाळीच सांगून ठेवायचं. पार्सल त्याच्या हातात पडलं, त्यानं सील आणि नाव पाहिलं, की त्याच्याच फोनवरून तुम्हाला विचारून त्यानं ओटीपी द्यायचा. आधी ओटीपी देऊन ठेवायचा नाही. ओटीपी गेला की पार्सल मिळालं अशीच नोंद होते. दुसरा मार्ग म्हणजे शाळेचाच पत्ता द्यायचा. मुख्याध्यापकांची हरकत नसेल तर मला तोच जास्त खात्रीचा वाटतो.

फोनचीही एक अडचण आहे. डिलिव्हरीवाल्याचा फोन बरेचदा कंपनीच्या मधल्या नंबरावरून येतो, त्यामुळे तो अनोळखी दिसतो. तुमच्या मोबाइलमध्ये अनोळखी फोन आपोआप गप्प करायची सोय चालू असेल, तर तुम्हाला रिंग ऐकूच येणार नाही आणि तिकडे ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद पडेल. पार्सल येणार असेल त्या दिवशी ती सोय बंद ठेवा. तुम्ही तासावर असाल तर घरच्या माणसाचा नंबर द्या.

जिथं ओटीपी नाही, तिथं ‘दाराशी ठेवा’ चालतं. पण तेव्हा सही नसते, फार तर एक फोटो असतो. चपला-पुस्तकांना ते ठीक. औषधाला नाही, त्यातही इन्सुलिनला अजिबात नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि उन्हातल्या ओट्यावर दुपारभर पडलेलं इन्सुलिन बाहेरून चांगलं दिसलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि माणूस आलाच नसताना ‘येऊन गेलो’ अशी नोंद झाली असेल, तर ती चूक त्यांची, तुमची नाही. नोंदीची वेळ आणि तुमच्या फोनची कॉल यादी ताडून बघा. त्या सुमारास एकही कॉल नसेल, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी अ‍ॅपमध्ये लेखी तक्रार करा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तसं झालं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पार्सल परत गेलं म्हणजे तुमचे पैसेही परत यायला हवेत. ते आले का, हे आधी तपासा.