तीनास दोनचे साठ-चाळीस होतात, तीनास दोन-दोनचे काय?

गुणोत्तराचे टक्के कसे काढायचे यावर एक सल्ला असा दिला जातो: “३:२ म्हणजे ६०-४०. कुठलंही गुणोत्तर असो, आकडा बेरजेने भागा, शंभरने गुणा, राउंड करा. बेरीज शंभर नाही आली तर दशांश वाढवा, येतेच. घाई असेल तर फरक शेवटच्या माणसाच्या नावावर टाका, कुणाचं काही जात नाही. आणि एक्सेलमध्ये केलं तर तपासायचीही गरज नाही, बेरीज आपोआप १०० दाखवतं.”

साठ-चाळीस बरोबर आहे. (काही जण २ ला ३ ने भागून दुसऱ्याला ६६.६७ टक्के देतात. तो दुसऱ्याचा पहिल्याशी हिशोब झाला, एकूण मालाशी नव्हे.) पण ३:२ जमतं ते त्याची बेरीज ५ आहे म्हणून. ३:१ ची बेरीज ४ येते आणि टक्के ७५-२५ होतात. ५:३ ची ८ येते आणि ६२.५-३७.५ होतात. शंभराचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. संक्षिप्त केलेल्या गुणोत्तराच्या बेरजेत हे दोनच अवयव असतील तर टक्के कुठेतरी थांबतात. बेरजेत ३ किंवा ७ शिरला की सगळ्यांचे टक्के काही थांबत नाहीत. म्हणजे उदाहरण सोयीचं निवडलं आणि नियम सगळ्यांना लावला.

आता गैरसोयीचं उदाहरण घेऊ. समजा रावेर तालुक्यात तिघा भावांची सात एकर केळी आहे. थोरल्याची तीन एकर, मधल्याची दोन, धाकट्याची दोन. मोटर एक, ठिबक एक, माल एकत्र जातो, व्यापाऱ्याची पट्टी एकाच नावाने येते. वाटा ३:२:२ ठरलेला आहे आणि आता तो टक्क्यांत लिहायचा आहे.

थोरल्याचे ४२.८५७१४२..., बाकी दोघांचे २८.५७१४२८... प्रत्येकी. पूर्ण टक्क्यांत राउंड केलं तर ४३, २९, २९, बेरीज १०१. एक दशांश घेतला तर ४२.९, २८.६, २८.६, बेरीज १००.१. दोन दशांश घेतले की ४२.८६, २८.५७, २८.५७ आणि बेरीज बरोबर १००. इथे थांबणारा माणूस म्हणणार, बघा, आली ना! पण तिसरा दशांश घ्या. बेरीज ९९.९९९. चौथा घ्या, ९९.९९९९. पाचव्याला पुन्हा नेमके १००, सहाव्याला १००.०००००१. दशांश वाढवल्याने चूक लहान होते हे खरं. पण बेरीज जुळेल की नाही हे त्यावर ठरत नाही. दोन दशांशांना जुळली ती योगायोगाने, आणि तीन समान वाटे असतील तर तोही योगायोग कधी होत नाही: ३३.३३ घ्या की ३३.३३३३३३, बेरजेत नऊ संपत नाहीत.

“शेवटच्याच्या नावावर टाका” हा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, खानदेशात काय, कुठेही भाऊबंदकी लावणारा आहे. वरच्या पूर्ण टक्क्यांत थोरल्याला ४३, मधल्याला २९ आणि धाकट्याला उरलेले २८. पट्टी ४,९०,००० ची आली असं धरा. खरा वाटा २,१०,००० आणि प्रत्येकी १,४०,०००. या टक्क्यांनी मधल्याला मिळतात १,४२,१००, धाकट्याला १,३७,२००. दोघांची जमीन सारखी, पाणी सारखं, आणि फरक ४,९०० चा. का, तर धाकट्याचं नाव यादीत खाली होतं! माणसं वाढली की हे आणखी बिघडतं. बारा जणांचा समान वाटा असेल तर प्रत्येकाचे ८.३३, राउंड करून ८. अकरा जणांचे ८८ होतात आणि शेवटच्याला १२, म्हणजे बाकीच्यांच्या दीडपट.

मग उरलेला फरक द्यायचा कुणाला? त्याची सरळ रीत आहे. आधी राउंड करायचंच नाही, सगळे आकडे खाली छाटायचे. दोन दशांशांवर छाटले तर ४२.८५, २८.५७, २८.५७. बेरीज ९९.९९, म्हणजे ०.०१ चा एक तुकडा उरला. आता प्रत्येकाचं किती छाटलं गेलं ते बघायचं: थोरल्याचं ०.००७१, बाकीच्यांचं ०.००१४. ज्याचं जास्त गेलं त्याला आधी. म्हणून ४२.८६, २८.५७, २८.५७. बेरीज शंभर, आणि दोघे सारखे ते सारखेच राहिले. ४,९०,००० वर थोरल्याला १४ रुपये जास्त जातात, बाकी दोघांचे सात-सात कमी होतात. चहा-फराळात विसरण्याइतकं.

हीच रीत पूर्ण टक्क्यांना लावली तर ती अडते. छाटून ४२, २८, २८, बेरीज ९८, तुकडे दोन. एक थोरल्याला जातो. दुसऱ्यावर मधला आणि धाकटा यांचा हक्क अगदी सारखा. इथे रीतच सांगते की पूर्ण टक्क्यांत हा वाटा बसत नाही, दशांश घ्या. दशांश वाढवण्याचं खरं कारण हे. बेरीज जमते की नाही ते छाटून वाटल्यावर कुठल्याही दशांशाला जमतंच.

एक्सेलचं. रकान्याला टक्क्याचं फॉरमॅट दिलं आणि दशांश शून्य ठेवले तर पडद्यावर ४३, २९, २९ दिसतं आणि खाली बेरीज १००. दिसणारा आकडा राउंड केलेला असतो, पण बेरीज होते ती आत साठवलेल्या पूर्ण आकड्यांची. प्रिंट काढली आणि कुणी आप्पांनी पेन्सिलने बेरीज केली की १०१ भरते, मग संशय हिशोब लिहिणाऱ्यावर. खरी बेरीज बघायची तर आकडाच राउंड करून साठवायचा. वाटे A1 ते A3 मध्ये असतील तर B1 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND(A1/SUM(A$1:A$3)*100,0)
```

आता B ची बेरीज १०१ दाखवेल. शेवटचा 0 बदलून 2 केला की १००, 3 केला की ९९.९९९.

भागीदारीपत्र करायचं असेल तर त्यात वाटा टक्क्यांतच लिहा असं १९३२ चा भागीदारी कायदा म्हणत नाही. वाटा लिहिलाच नाही तर मात्र कलम १३ प्रमाणे नफा समसमान धरला जातो, आणि मग थोरल्याच्या तीन एकरांना अर्थ उरत नाही. म्हणून पत्रात ३/७, २/७, २/७ असंच लिहावं, आणि एखाद्या अर्जात टक्क्यांचा रकाना आलाच तर तिथे ४२.८६ वगैरे भरावं. पैसे वाटताना टक्क्यांना हातच लावू नये. पट्टीची रक्कम सातने भागायची, तीन वाटे थोरल्याचे, दोन-दोन बाकीच्यांचे.

जुन्या आणेवारीत तिघांच्या समान वाट्याची ही कटकट नव्हती. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यात ३ हा अवयव होता, म्हणून एक तृतीयांश म्हणजे नेमके ५ आणे ४ पै, मागे काही उरत नसे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि तो ३ निघून गेला. आज अर्जात तिघांपैकी एकाला ३३.३४ लिहावंच लागतं; छाटलेलं तिघांचं सारखंच, त्यामुळे ते कुणाला लिहायचं याला गणितात उत्तर नाही, चिठ्ठी टाका. मात्र त्या टक्क्यांनी पैसे वाटले तर दर लाखामागे एकाला दोघांपेक्षा दहा रुपये जास्त जातात. लाखाला सरळ तीनने भागलं तर प्रत्येकी ३३,३३३.३३ येतात आणि उरतो फक्त एक पैसा.