खरे बोला, पण बिरुद निवडून

सोसायटीच्या वार्षिक सभेत खरे बोलायचे आहे? जरूर बोला. फक्त घरून निघण्याआधी एवढे ठरवा, की लोकांनी तुम्हाला प्रामाणिक म्हणायचे, परखड म्हणायचे की फटकळ.

आधी सत्य हाती घ्या. सभेच्या नोटिशीबरोबर आलेला ताळेबंद उघडा. देण्यांच्या बाजूला सिंकिंग फंड 12 लाख दिसतो: 40 सदनिका, प्रत्येकीचा बांधकामखर्च 12 लाख, त्याच्या पाव टक्का म्हणजे वर्षाला 3,000, अशी 10 वर्षे. आता मालमत्तेच्या बाजूला त्याच फंडाची मुदत ठेव शोधा. ती 7 लाखांचीच आहे? मग उरलेले 5 लाख कुठे आहेत हे कळायला सीए व्हावे लागत नाही. फाटकावरची नवी ग्रॅनाइटची कमान बघा. हा फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो आणि तोही सभेने ठराव केल्यावरच वापरायचा असतो. कमान पडायला आली नव्हती, मुळात नव्हतीच.

हे सत्य शेजाऱ्याला चहाबरोबर सांगितलेत तर तुम्ही मनमोकळे. सचिवांना जिन्यात गाठून हळूच सांगितलेत तर प्रामाणिक, कारण ते ऐकायला तिसरे कुणी नसते. सभेत उभे राहून सांगितलेत तर परखड. मात्र त्यासाठी वय साठीपुढे आणि सदनिका स्वतःच्या नावावर असावी. तेच वाक्य, त्याच आकड्यांसह, तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी म्हटले की त्या फटकळ. कुणी फारच मोठ्या मनाचे असेल तर ‘फटकळ आहे, पण मनाने चांगली आहे हो.’ (काकांच्या परखडपणाला हा ‘पण’ आजवर कुणी जोडलेला नाही.) भाडेकरू बोलला तर आगाऊ. आणि ज्याचा मेंटेनन्स थकलाय त्याला विशेषणही मिळत नाही. ‘आधी तुमची थकबाकी भरा’ एवढ्यावर ताळेबंद मिटतो.

वेळही साधायला हवी. ठरलेल्या वेळी बोलू नका, तेव्हा गणसंख्याच नसते. सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने पुन्हा भरते, तोवर बटाटेवडे आलेले असतात. ‘स्पष्टवक्ता सुखी भवेत्’ हे वचन वडे येण्याआधीचे आहे. वड्यांनंतर बोलणारा माणूस सभा लांबवणारा ठरतो.

तरीही बोललात, तर इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. तुमचे 5 लाख तिथे असे सापडतील: ‘काही सभासदांनी मौलिक सूचना केल्या. सविस्तर चर्चेअंती हिशेब सर्वानुमते मंजूर.’