परदेशातून: बारा वाजता पोहोचतो

"मामा, जागा आहेस का? साडेदहाला बीकेसीत इंटरव्ह्यू आहे आणि लोकल दिवा स्टेशनच्या पुढे वीस मिनिटं उभी आहे. त्यांना काय लिहू? आई म्हणते आजी आजारी आहे असं सांग. मी हे लिहिलंय, बघ आणि पटकन सांग."

हा निरोप आला तेव्हा भारतात नऊ पन्नास झाले होते आणि इथे मानहाइममध्ये सकाळचे सहा वीस. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं. निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे सल्ला देणारा मी एकटा नव्हतो.

खाली त्याचा मसुदा होता. सुरुवात "आदरणीय महोदय" अशी. मग तो सात वाजता उठला, डोंबिवलीला दोन गाड्या सोडाव्या लागल्या, तिसरीत कसाबसा शिरला, आता ओव्हरहेड वायरचा काहीतरी प्रॉब्लेम आहे असं लोक म्हणतात, तो नेहमी वेळेवर असतो, कॉलेजात कधी लेट मार्क लागला नाही, आणि शेवटी "आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे." हे शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं. दिलगीर हा शब्द आपण बोलताना कधी वापरतो? तो फलाटावरच्या भोंग्याचा शब्द आहे. आयुष्यभर तो ऐकून ऐकून पोराच्या बोटांत उतरला होता.

एवढ्या मजकुरात एक गोष्ट मात्र नव्हती. तो किती वाजता पोहोचणार?

ही चूक मी ओळखू शकलो, कारण ती मी स्वतः केली आहे. जर्मनीतल्या पहिल्या वर्षी फ्रँकफर्टच्या एका ग्राहकाकडे नऊ वाजता जायचं होतं. गाडी मानहाइमलाच अडकली. मी लिहिलं, दहा मिनिटं उशीर होईल. अ‍ॅपवर दहाची वीस झाली, मी पुन्हा लिहिलं. वीसची पस्तीस झाली, पुन्हा लिहिलं, यावेळी सिग्नल यंत्रणेतल्या बिघाडाच्या वर्णनासह. चौथ्या निरोपाला उत्तर आलं: "कृपया मला एक वेळ सांगा." एवढंच. रागही नव्हता त्यात. नंतर कळलं की माझ्या प्रत्येक निरोपागणिक तिकडे तीन माणसांची बैठक दहा दहा मिनिटांनी पुढे सरकत होती, आणि कुणालाच दुसरं काम हाती घेता येत नव्हतं. जर्मन लोक याला 'सलामी टाक्टिक' म्हणतात, मांसाच्या सॉसेजच्या पातळ चकत्या कापाव्यात तशी बातमी थोडी थोडी देणं. आपल्याकडे "पाच मिनिटांत पोचतो" हे वाक्य चकत्या कापण्यासाठीच जन्माला आलं आहे.

ग्रुपवर एव्हाना ताई पेटली होती. "तुमच्याकडे गाड्या घड्याळावर चालतात, तुला काय कळणार?" हा गैरसमज इतका जुना आहे की खोडायचा कंटाळा येतो, पण खोडतो. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 साली जेमतेम 62.5 टक्के वेळेवर होत्या, आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रद्द झालेली गाडी त्या हिशोबात धरतच नाहीत. मानहाइम ते फ्रँकफर्ट हा आमचा मार्ग तर त्याच वर्षी जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होता. तेव्हा इथल्या माणसाला उशिराचा निरोप नीट लिहिता येतो तो शिस्तीमुळे नव्हे. रोजचा सराव आहे.

माझी एक जुनी सहकारी, जिने वीसेक वर्षं उमेदवार निवडले, ती मला एकदा म्हणाली होती की उशिराचं कारण ती वाचतच नाही. ती फक्त आकडा शोधते आणि दिलेली वेळ पाळली गेली का ते बघते. साडेनऊ म्हणून पावणेदहाला येणारा तिला नकोसा, दहा म्हणून पावणेदहाला येणारा चालतो. दोघांचा उशीर सारखाच. आणखी एक गोष्ट ती सांगायची: आत आल्यावर उशिराची गोष्ट सांगत बसणारा उमेदवार आपल्याच मुलाखतीची मिनिटं खात असतो.

पण भाच्याला आकडा सांगायचा कसा? इथे भावोजी कामी आले. ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि उभी हयात ओव्हरहेड वायरच्या कामात गेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: पंखे चालू आहेत का? भाचा म्हणाला, बंद आहेत. "मग वायरचा पुरवठाच तोडलाय," भावोजींनी लिहिलं. "पुढच्या गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ वायरीत अडकला असणार. टॉवर वॅगन येईल, वायर सोडवतील, मग पुरवठा देतील. तास धर. आणि रुळावर उतरू नकोस." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून माणसं गेली, तेव्हापासून भावोजी उशिराबद्दल कुणालाच बोलत नाहीत.

तर हिशोब असा झाला. गाडी दहा पन्नासला हलली असं धरू. कुर्ल्याला अकरा पंचवीस. पश्चिमेला बाहेर येऊन रिक्षा मिळवून बीकेसी, सकाळच्या गर्दीत पंचवीस मिनिटं, म्हणजे अकरा पन्नास. मग गेटवर नाव लिहिणं, फोटो, पास, लिफ्ट. ही दहा मिनिटं सगळेच विसरतात आणि 'पोहोचलो' असं गेटवरूनच कळवतात, खरं तर माणूस अजून खालीच असतो. बारा.

भावोजींचं म्हणणं, आता काहीच लिहू नकोस, कुर्ल्याला उतरलास की पक्की वेळ कळव. त्यांचं अर्धं बरोबर होतं. चुकीची वेळ देण्यापेक्षा थांबावं, हे खरं. पण साडेदहाची भेट असताना अकरा पंचवीसला कळवणं म्हणजे समोरच्याने तासभर दाराकडे बघत बसणं. ठरलेल्या वेळेआधी कळवलं तर तो निरोप असतो, नंतर कळवलं तर खुलासा.

ओसाकातल्या आमच्या नागपूरच्या आत्येभावाला प्रश्नच वेगळा वाटला. त्याने तिकडच्या स्टेशनवर गाडीला उशीर झाला की छापील दाखला मिळतो, तो ऑफिसात दाखवता येतो, वगैरे उत्साहाने लिहिलं आणि "तू पण मागून घे" असा सल्ला दिला. दिव्याच्या पुढे, डब्यात, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या मुलाने दाखला कुणाकडे मागायचा, हे त्याने सांगितलं नाही.

आजीच्या आजारपणाचं मी लगेच खोडून काढलं. खोटं पाप आहे म्हणून नाही. आजारपण ऐकलं की समोरचा सभ्यपणे विचारणार, आता कशा आहेत? मग दुसरं खोटं, मग तिसरं. शिवाय आजी ग्रुपवरच होत्या.

उशीर अर्ध्या तासाच्या आतला असेल तर मी फक्त नवी वेळ कळवायला सांगितलं असतं. दीड तास म्हणजे मात्र समोरच्याचा पुढचा कार्यक्रम मोडतो, आणि मोडायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचा. म्हणून शेवटी हे गेलं:

"नमस्कार. आज साडेदहाच्या मुलाखतीसाठी निघालो आहे, पण दिव्याजवळ लोकल बंद पडल्याने बाराच्या आधी पोहोचू शकणार नाही. माफ करा. बाराला जमत नसेल तर आज दुपारी किंवा उद्या, आपण सांगाल त्या वेळी येईन."

ईमेल त्याने इंग्रजीत केली, क्रम हाच ठेवला. विषयाच्या ओळीतही बाराची वेळ घातली, म्हणजे मेल न उघडताही दिसेल. मग ज्या बाईंनी वेळ ठरवली होती त्यांना फोन. मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी कोण मेल बघत बसतं? त्यांनी उचलला नाही, तेव्हा हेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. निळी टिक लागली, उत्तर नाही. "पुन्हा लिहू?" त्याने विचारलं. नको म्हटलं. बाराची वेळ बदलली तरच.

आणि उशीर लोकलमुळे नसता, अलार्म बंद करून झोपला असता तर? तर "निघायला मला उशीर झाला" एवढं लिहून पुढे वेळ. लोकलच्या नावावर खपवायचं नाही. मुंबईत समोरचाही त्याच लाइनवरून आलेला असू शकतो, त्याला आज गाड्या कशा होत्या ते ठाऊक असतं.

अकरा दहाला त्यांचं उत्तर आलं: सव्वाबाराला या. भाचा बारा वाजून पाच मिनिटांनी वर होता. म्हणजे माझ्या बाराला पाच मिनिटं कमीच पडली. सव्वाबारा म्हणायला हवं होतं, हे मान्य.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, तू म्हणालास आत गेल्यावर काही सांगू नकोस. पण मुलाखत घेणारे सर बदलापूरचे निघाले. बसल्या बसल्या म्हणाले, काय झालं नेमकं, वायर तुटली का? मी म्हटलं, हो सर, आणि थांबलो. ते बघतच राहिले. मग सगळं सांगितलं, टॉवर वॅगनसकट. दहा मिनिटं तेच चाललं होतं."

"आणि मुलाखत?"

"ती झाली नंतर. बरी झाली."

ताईने मागून ऐकलं असावं. "बघ," ती म्हणाली, "माणसाला बोलायचं असतं रे. तुझे जर्मन काय, आकडा बघतात." मी गप्प बसलो. फ्रँकफर्टच्या त्या ग्राहकाबरोबर मी सात वर्षं काम केलं. तो रोज कुठल्या गाडीने यायचा, हे मला अजून माहीत नाही.