स्तंभालेखाचा फोटो काढला म्हणजे आकडे हाती आले का?

«आलेखातले आकडे हाताने टाइप करत बसायचे दिवस गेले. स्तंभालेखाचा फोटो काढा, ‘मजकूर कॉपी करा’ दाबा आणि एक्सेलमध्ये चिकटवा. अक्ष, रंगसूची, आकडे सगळं जसंच्या तसं येतं. स्तंभांवर आकडे छापलेले नसले तरी अक्षावरून कळतातच. आणि कुठे चूक झालीच तर बेरीज करून बघा, लगेच सापडते.»

पाच वाक्यांत चार दावे आहेत. अहवालांतले आलेख परत तक्त्यात उतरवण्याचं काम मी रोज करते, त्यामुळे एकेक घेते.

आधी ‘जसंच्या तसं’चं बघू. समजा एक साधा जोडस्तंभालेख आहे. चार तिमाही, प्रत्येकीत २०२३ आणि २०२४ चा एकेक स्तंभ, प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर आकडा. डावीकडच्या अक्षावर शून्यापासून ८० पर्यंत वीस-वीसच्या खुणा, आणि त्याच अक्षाला उभं लिहिलेलं शीर्षक, ‘विक्री (लाख)’. फोटो स्वच्छ आहे. मजकूर कॉपी केला की साधारण असं काहीतरी हातात पडतं:

```
तिमाहीनुसार विक्री
८०
६०
६० ५७
५१
४८
४५
४२
४०
४० ३८५
२०
०
ति१ ति२ ति३ ति४
२०२३ २०२४
```

साधनागणिक थोडा फरक पडेल, पण घोळ हाच. मजकूर ओळखणारं साधन पान वरून खाली, ओळीओळीने वाचतं. स्तंभावरचा आकडा किती वर असतो? स्तंभ जितका उंच तितका. म्हणजे तिमाहीचा क्रम मोडून आकडे उंचीच्या उतरत्या क्रमाने लागले. ४५ कोणत्या तिमाहीचा, हे या यादीत कुठेच नाही. शिवाय अक्षावरच्या पाच खुणा त्या आठ आकड्यांत मिसळल्या आहेत. दोन ६० आहेत. एक खूण, एक विक्री. दोन ४० आहेत, तेही तसेच. ‘६० ५७’ ही ओळ तर फसवी आहे. ६० ही खूण आहे आणि ५७ हा चौथ्या तिमाहीचा आकडा. योगायोगाने एकाच उंचीवर आले म्हणून शेजारी बसले.

३८५ चं काय? मुळात ३८.५ आहे, टिंब गळालं. हे मात्र चटकन पकडता येतं, कारण अक्ष ८० ला संपतो. अक्षाच्या टोकापेक्षा मोठा आकडा आला की चूक आहे असंच धरायचं. मराठी अंकांच्या आलेखात साधनाची भाषा इंग्रजीवर राहून गेली तर ४ हा इंग्रजी आठसारखा आणि १ हा इंग्रजी नवासारखा वाचला जाऊ शकतो, म्हणजे ४१ चे ८९. तेही या नियमात सापडतील. १४ चे ९८ सापडतील, पण अक्ष १०० पर्यंत असेल तर नाही.

आणि यादीत काय नाही ते पाहा. ‘विक्री (लाख)’ गायब आहे. उभं लिहिलेलं शीर्षक बरीच साधनं गाळतात किंवा त्याची दोन-चार सुटी अक्षरं करून टाकतात. याकडे शेवटी परत येते.

मग करायचं काय? मजकुराबरोबर त्याची जागाही मागून घ्यायची. टेसरॅक्टसारखं फुकट साधन ती देतं:

```
tesseract aalekh.jpg nikal -l mar --psm 11 tsv
```

इथे ११ म्हणजे ‘पानावर विखुरलेला मजकूर शोध, परिच्छेद आहेत असं समजू नकोस’. `nikal.tsv` मध्ये प्रत्येक शब्दाची डावी कड, वरची कड आणि रुंदी पिक्सेलमध्ये येते. बाकीचे रकाने काढून टाकले की तिसऱ्या तिमाहीपुरतं असं दिसतं:

```
left   top    width   text
96     446    44      ६०
1126   424    44      ६०
1050   664    44      ४०
1080   1196   60      ति३
```

डाव्या कडेत निम्मी रुंदी मिळवली की शब्दाचा मध्य मिळतो. ‘ति३’चा मध्य १११०. दुसऱ्या ६० चा ११४८, म्हणजे तिमाहीच्या मध्याच्या उजवीकडे. ४० चा १०७२, म्हणजे डावीकडे. पहिल्या ६० चा मध्य ११८. तो अक्षाच्या रेघेच्याही डावीकडे आहे, म्हणजे खूण. दोन ६० वेगळे झाले आणि प्रत्येक आकड्याला तिमाही मिळाली. हे नको असेल तर प्रत्येक तिमाहीचा तुकडा कापून चार वेळा कॉपी करा. कंटाळवाणं आहे, पण तिमाही चुकत नाही.

एका बाबतीत दावा खरा आहे, तेवढं मान्य करते. आडवा स्तंभालेख, एकच रंग, डावीकडे नाव आणि स्तंभाच्या टोकाला आकडा असेल तर नाव आणि आकडा एकाच ओळीत येतात. तो खरोखर तक्त्यासारखा उतरतो.

आता रंगसूची. वरच्या यादीत ‘२०२३ २०२४’ आलंय, म्हणून सूची आली असं वाटतं. पण सूची म्हणजे निळा चौकोन आणि त्यापुढे २०२३, केशरी चौकोन आणि त्यापुढे २०२४. चौकोन मजकूर नाही. तो आला नाही. उरली ती दोन वर्षं, तीही एक्सेलमध्ये दोन हजारांवरचे आकडे म्हणून बसतील. डावा स्तंभ २०२३ चा असेल हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, पण सूचीचा क्रम आणि स्तंभांचा क्रम एकच असतो असा नियम नाही. विभाजित स्तंभालेखात तर सूची वरून खाली आणि थर खालून वर रचलेले असू शकतात. रंग डोळ्यांनी पाहायचा आणि स्वतः लिहायचा: डावा, निळा, २०२३. दहा सेकंदांचं काम आहे. फोटो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचा असेल आणि दोन्ही रंग एकसारखे राखाडी झाले असतील तर मात्र कोणतंच साधन मदतीला येत नाही, मूळ प्रतच मिळवावी लागते.

स्तंभांवर आकडे नसतील तर? तेव्हा कॉपी करून फक्त खुणा मिळतात. स्तंभाची उंची हा मजकूर नव्हे, ते चित्र आहे, ते मोजावंच लागतं. मोजणं अवघड नाही, पण फोटो तिरका असेल तर दगा देतं.

त्याच आलेखातला दुसऱ्या तिमाहीचा २०२४ चा स्तंभ घेऊ. फोटो समोरून काढलाय. शून्याची रेघ पिक्सेलच्या ११८० व्या ओळीवर, ८० ची खूण २२० व्या ओळीवर. ९६० पिक्सेलमध्ये ८०, म्हणजे एका लाखाला १२ पिक्सेल. स्तंभाचं टोक ५६८ वर. ११८० वजा ५६८ म्हणजे ६१२, भागिले १२, उत्तर ५१. बरोबर.

आता तोच कागद टेबलावर ठेवून खालच्या बाजूने, कललेल्या फोनने फोटो काढा. कागदाची वरची बाजू लांब गेली, म्हणून आक्रसली. शून्य आणि ८० त्याच ओळींवर आले असं धरू, पण स्तंभाचं टोक आता ५४६ वर दिसतं. त्याच हिशोबाने ६३४ भागिले १२, म्हणजे ५२.८. जवळजवळ दोन लाख फुकटचे.

हे ओळखायची खूण आलेखातच असते. लागोपाठच्या खुणांमधलं अंतर मोजा. सरळ फोटोत प्रत्येक अंतर २४० भरतं. या फोटोत ते खालून वर २५८, २४६, २३४, २२२ असं घटत जातं. अंतरं अशी घटत किंवा वाढत असतील तर फोटो तिरका आहे. (छापील अक्षच लॉग प्रमाणाचा असेल तर खुणांचे आकडेच दहापटीने वाढताना दिसतील, तो वेगळा मामला.) उपाय दोन. स्कॅनच्या ॲपमध्ये कागदाचे चार कोपरे पकडून फोटो सरळ करा. नाहीतर शून्य ते ८० असं एकदम न मोजता स्तंभाच्या लगतच्या दोन खुणा धरा. ४० ची खूण ६७६ वर, ६० ची ४४२ वर. २३४ पिक्सेलमध्ये २०, म्हणजे लाखाला ११.७. टोक ४० च्या वर १३० पिक्सेल, म्हणून ११.१ आणि ४०, एकूण ५१.१. झालं दुरुस्त.

`WebPlotDigitizer` हे साधनही अक्षावरच्या दोन ओळखीच्या जागा तुमच्याकडून टिचकीने घेऊन हाच हिशोब करतं. त्यालाही तिरका फोटो दिला तर तेही तिरकंच उत्तर देणार, म्हणून आधी सरळ करा. आणि उत्तर ५१.०८ आलं तरी ५१ च लिहा. फोटोत स्तंभाची कड दोन-तीन पिक्सेल धूसर असते, म्हणजे पाव लाख इकडे-तिकडे. दशांशानंतरची दुसरी जागा तिथे शोभेची असते.

राहिली बेरीज. हा सगळ्यात धोक्याचा सल्ला, कारण त्याने निर्धास्त व्हायला होतं. मला एकदा सहकाऱ्याने तपासून झालेला तक्ता दिला होता. २०२४ ची बेरीज अहवालातल्या १९४.५ शी बरोबर जुळत होती. तिसऱ्या तिमाहीत ३८.५ होते आणि चौथ्या तिमाहीत ६०. मूळ आलेखात नेमकं उलटं. जागा अदलाबदल झाल्या तर बेरजेला कळायचं कारणच नाही, आणि आपण वर पाहिलं की कॉपी करताना सर्वांत जास्त होणारी चूक अदलाबदलीचीच. शिवाय एकूण बेरीज छापलेली असते असे आलेख मुळात थोडेच.

त्यापेक्षा उतरवलेल्या तक्त्यावरून आलेख पुन्हा काढा आणि फोटोच्या शेजारी ठेवा. अदलाबदल, गळालेलं टिंब, खूण चुकून आकडा झालेली, सगळं एका नजरेत डोळ्यांवर येतं. माझ्या सहकाऱ्याच्या तक्त्यात चढणारा स्तंभ उतरला होता. पाच सेकंद लागले. ४२ चा ४३ झाला असेल तर तो असा दिसणार नाही, त्यासाठी आकडे एकेक करून फोटोशी वाचून पाहावेच लागतात.

आणि एकक याही पद्धतीत सापडत नाही. ५१ लाखांचे नुसते ५१ झाले तरी आलेखाचा आकार तोच राहतो. अक्षाच्या कोपऱ्यात ‘× १०³’ असेल आणि कॉपीत त्याचं ‘× १०३’ झालं असेल तरीही. म्हणून फोटो नव्वद अंशांत फिरवून उभं शीर्षक मी वेगळं वाचते, आणि पहिला आकडा टाकायच्या आधी रकान्याच्या डोक्यावर ‘लाख’ लिहून ठेवते.